खालच्या घरात काय ऐकू येतं

खालच्या मजल्यावरच्या काकू एका रविवारी सकाळी वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे रात्री कसलं मशीन चालू असतं का? गाणंबिणं काही ऐकू येत नाही, पण माझ्या मांडणीवरचे पेले किणकिणतात." आदल्या रात्री आम्ही घरी सिनेमा बघितला होता. आवाज बेताचाच होता, संवाद नीट कळावेत एवढा. तो संवाद काकूंपर्यंत पोचलाच नव्हता. त्यांच्याकडे पोचला होता फक्त सबवूफर.

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो, मुलीला फोन करून तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. वर त्या प्रसंगात ढग गडगडतात, ट्रक सुरू होतो, लोखंडी दार आपटतं. खाली या तिन्हींचा मिळून एकच आवाज येत होता: घूं, मग थोडा थांबून पुन्हा घूं. दर वेळी सूर तोच. आणि तो सूर लागला की मांडणीच्या दुसऱ्या फळीवरचा स्टीलचा पेला शेजारच्या पेल्याला टेकून किणकिणायचा. फ्लॅटमध्ये सबवूफर कसा लावावा याचं जवळजवळ सगळं उत्तर त्या एका सुरात आहे, म्हणून आधी तो कुठून येतो ते बघू.

आमचा हॉल दहा फूट रुंद, सोळा फूट लांब, आणि छत साडेनऊ फुटांवर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. एखाद्या स्वराची लाट खोलीच्या मापाच्या बरोबर दुप्पट लांबीची असली, की ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते, आपल्याच परतणाऱ्या लाटेवर चढते आणि त्या स्वराला खोली स्वतः घुमू लागते. हिशेब सोपा आहे: 345 भागिले खोलीच्या मीटरमधल्या मापाची दुप्पट. सोळा फुटांना, म्हणजे 4.9 मीटरला, 35 हर्ट्झ येतात. दहा फुटांना 57 हर्ट्झ. आणि साडेनऊ फुटांच्या उंचीला 59 ते 60. आमच्याकडे घोळ इथेच होता. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन्हींचे घुमणारे सूर एकमेकांना चिकटले होते आणि 57 ते 60च्या पट्ट्यात एक डोंगर तयार झाला होता. आपल्याकडच्या इमारतींत दहा-साडेदहा फुटी खोल्या फार, म्हणून हा डोंगर बऱ्याच घरांत असतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो आणखी चढतो, कारण भिंत, भिंत आणि जमीन अशा तीन बाजूंनी खोलीला रेटा मिळतो. आमचा सबवूफर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यातच होता. जागा तिथेच होती.

आता हा सूर खाली का गेला आणि संवाद का गेले नाहीत? भिंत किंवा स्लॅब आवाज अडवतो तो मुख्यतः आपल्या वजनाने. स्वर जितका खालचा, तितकं ते वजन कमी पुरतं. ढोबळ नियम असा की स्वर एक सप्तक खाली उतरला की अडवणूक 6 डेसिबेलने घटते. बोलण्याच्या आवाजापासून सबवूफरपर्यंत तीन सप्तकं खाली उतरलं, की तोच स्लॅब अठरा-एक डेसिबेलने दुबळा होतो. पडदे, गालिचे आणि भिंतीवर डकवलेला दोन इंची फोम यांचा इथे काही उपयोग नाही. 57 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, दोन इंचांचा थर तिच्या खिजगणतीतही नसतो.

पण याच शास्त्रात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून मांडलं, आणि त्यानंतर त्याची आंतरराष्ट्रीय मानकंही झाली. 1000 हर्ट्झचा स्वर शून्याच्या आसपासच्या डेसिबेललाच ऐकू येऊ लागतो, तर 50 हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाही सुमारे 44 डेसिबेल लागतात. एकदा तो उंबरठा ओलांडला की मात्र खालचा स्वर फार झपाट्याने मोठा वाटू लागतो. याचा अर्थ असा, की खालच्या घरात पोचणारा तो सूर उंबरठ्याच्या थोडाच वर असतो. तो सात-आठ डेसिबेलने खाली आणला की तो अर्धा होत नाही, बहुतेक वेळा तो ऐकूच येईनासा होतो. बास पूर्ण बंद करायची गरज नाही. तो एक डोंगर कापायचा आणि एकूण पातळी थोडी उतरवायची, एवढंच काम आहे.

पातळी उतरवूनही आपल्याला बास भरलेला लागावा, यासाठी पहिला उपाय जागेचा. सबवूफर कोपऱ्यातून उचला आणि सोफ्याच्या शेजारी, कानापासून दोन-अडीच फुटांवर ठेवा. आमच्याकडे सोफ्याच्या हाताला लागून एक छोटं स्टूल होतं. ते हलवलं आणि तिथे सबवूफर बसवला. पूर्वी तो दहा फुटांवर होता. एवढ्या जवळ आल्यावर थेट कानावर येणारा आवाज खोलीच्या घुमण्यापेक्षा वरचढ होतो, आणि तेवढाच बास ऐकायला त्याला कितीतरी कमी जोर लावावा लागतो. रिसीव्हरवरची सबवूफरची पातळी पूर्वी अधिक 2 होती. नव्या जागी तेवढाच बास ऐकू यायला ती उणे 5 पुरली. खालच्या घरासाठी ही सात डेसिबेलची सुटका होती, आणि मला काहीच गमवावं लागलं नाही. काकूंचं घर जवळ आलेलं नाही की दूर गेलेलं नाही, मी मात्र सबवूफरच्या जवळ गेलो.

जवळच्या सबवूफरला एक अट असते. तो कुठे आहे हे कानाला कळता कामा नये. ते ठरतं क्रॉसओव्हरवर, म्हणजे कुठल्या स्वराखालचं काम सबवूफरने करायचं आणि कुठल्या वरचं स्पीकरने, त्या सांध्यावर. साधारण 80 हर्ट्झच्या खालचे स्वर कुठल्या दिशेने येतात हे आपल्याला ओळखता येत नाही. म्हणूनच सिनेमाच्या घरगुती यंत्रणांमध्ये 80 हा आकडा रूढ झाला. मात्र क्रॉसओव्हर म्हणजे काही भिंत नव्हे, तो उतार असतो. सांधा 120वर ठेवलात तर 150-160चे स्वरही सबवूफरमधून थोडेफार येत राहतात, आणि त्यात पुरुषाचा आवाज असतो. मग टीव्हीवरचा माणूस सोफ्याच्या हातातून बोलल्यासारखा वाटतो. सबवूफर जवळ असेल तर सांधा 80च्या वर नेऊ नका.

पण सांधा खाली किती न्यायचा, हे तुमचे स्पीकर ठरवतात. पाच-सहा इंची वूफरचे शेल्फवर मावणारे स्पीकर असतील आणि त्यांच्या माहितीपत्रकात ते 55 हर्ट्झपर्यंत जातात असं लिहिलं असेल, तरी त्यांना 55पर्यंत राबवू नका. तिथे पोचेस्तोवर ते दमलेले असतात. त्यांना 80ला सोडवा. उभे, मोठे स्पीकर असतील तर 60 चालतं. मुठीएवढे छोटे स्पीकर 120च्या खाली उतरूच शकत नाहीत. त्यांच्यासोबतचा सबवूफर समोर, स्पीकरांच्या मध्येच ठेवावा लागतो आणि जवळ ठेवण्याची ही युक्ती तिथे फळत नाही. तुमच्या घरी तशी यंत्रणा असेल तर सगळी भिस्त पातळी आणि ईक्यूवर ठेवा.

मेनूमध्ये स्पीकर 'स्मॉल' करायचे, म्हणजे त्यांना खालचे स्वर दिलेच जात नाहीत. 'लार्ज' हा शब्द ऐकून अनेकांना तोच निवडावासा वाटतो, पण त्यात तेच खालचे स्वर स्पीकरमधून वाजतात आणि सबवूफर उतरवूनही बास उतरत नाही. दुसरी नेहमीची चूक सबवूफरच्या पाठीवरच्या बटणाची. रिसीव्हर सांधा करत असेल तर सबवूफरवरचा क्रॉसओव्हर अगदी वरच्या टोकाला किंवा एलएफई खुणेवर ठेवायचा. तोही 80वर ठेवला तर एकाच स्वराला दोन चाळण्या लागतात आणि बरोबर 80च्या आसपास खड्डा पडतो. बास पोकळ वाटतो, मग माणूस पातळी वाढवतो, आणि खाली पेले किणकिणतात. ज्यांच्याकडे साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे आणि स्पीकर पूर्ण स्वर वाजवतात, त्यांनी मात्र सबवूफरवरचंच बटण वापरायचं, आणि ते स्पीकर जिथे मंदावतात तिथे, बहुधा 50 ते 60च्या दरम्यान ठेवायचं.

सांधा जुळला की नाही हे फेजच्या बटणावरून कळतं. सबवूफरच्या मागे 0 आणि 180 असं लिहिलेला तो छोटा स्विच असतो. सांध्याचाच स्वर, म्हणजे आपल्या उदाहरणात 80 हर्ट्झ, फोनवरून किंवा टेस्ट टोनच्या फाइलवरून वाजवा. स्पीकर आणि सबवूफर दोन्ही चालू हवेत. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला स्विच फिरवायला सांगा. ज्या बाजूला स्वर मोठा ऐकू येईल ती बाजू खरी. दोन्हींच्या लाटा तिथे एका दमात पुढेमागे होतात. चुकीच्या बाजूला त्या एकमेकींना खातात. शेजाऱ्यांची काळजी घेताना मोठा आवाज निवडायचा हे उलटं वाटेल, पण जुळलेल्या सांध्यातून फुकट मिळालेला बास पुढे पातळी उतरवायच्या कामी येतो.

यासाठी मला आपल्या संगीतातली एक कसोटी फार आवडते. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की आवाज खालून वर सरकतो, तो घिस्सा. ध्वनिमुद्रण नीट असेल तर विलंबित तालात प्रत्येक घिस्सा स्वच्छ ऐकू येतो. सबवूफर आणि स्पीकरचा सांधा बरोबर असेल तर तो आवाज न तुटता वर जातो. मध्येच तो एकदम फुगला किंवा गायब होऊन पुढे पुन्हा उगवला, तर सांधा चुकलाय. दुसरी कसोटी तानपुऱ्याची. काळी एकच्या गायकाचा खर्ज 69 हर्ट्झवर असतो. षड्जाच्या तारांपाठोपाठ तो खर्ज छेडला गेला की तो खाली आधारासारखा बसावा. दर वेळी तोच टपकन पुढे आला, तर सबवूफर जास्त आहे.

आता पातळी. रिसीव्हर चाचणीचा खर्र आवाज एकेका स्पीकरमधून देतो. बहुतेक रिसीव्हरमध्ये तो बसण्याच्या जागी 75 डेसिबेल यावा असं धरलेलं असतं. सबवूफरही त्याच आकड्याला आणायचा. मोजायला मीटर असेल तर तो 'सी' मापावर आणि 'स्लो'वर ठेवा. फोनमधलं ॲप इथे दगा देतं, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, 60च्या खाली त्याला नीट ऐकू येत नाही. मीटर नसेल तर कानाने ठरवा: चालू गाण्यात सबवूफर चालू आहे हे लक्षात येऊ नये, पण बंद केल्यावर गाणं एकदम पातळ झाल्यासारखं वाटावं. रिसीव्हरने माइक लावून स्वतःच सगळं मोजलं आणि सबवूफरची पातळी उणे 12ला जाऊन टेकली, तर सबवूफरच्या मागचं गेनचं बटण फार वर आहे असं समजा. ते कमी करून मोजणी पुन्हा घ्या.

एवढं झाल्यावर उरतो तो डोंगर. त्यासाठी मी खालच्यांची मदत घेतली. काकूंना फोन लावला, त्या मांडणीजवळ उभ्या राहिल्या, आणि मी 30पासून 80पर्यंत पाच-पाच हर्ट्झच्या टप्प्याने स्वर वाजवले. पन्नासला त्या म्हणाल्या, "काही नाही." पंचावन्नला, "हं, येतोय." साठला, "हाच तो, हाच!" पासष्टला पुन्हा काही नाही. मग मधले आकडे घेतले आणि 58वर तो सर्वांत जोरात निघाला. खोलीच्या मापांवरून काढलेल्या आकड्यांशी तो बरोबर जुळत होता. रिसीव्हरच्या ईक्यूमध्ये 58 हर्ट्झवर 8 डेसिबेलचा अरुंद काप दिला. ज्यांच्या रिसीव्हरमध्ये असं हाताने करायचं ईक्यू नाही, त्यांना सबवूफरच्या आधी जोडायचा छोटा डीएसपी डबा मिळतो. काही सबवूफरच्या स्वतःच्या ॲपमध्येही ही सोय असते.

हा काप दिल्यावर वर काय झालं ते सांगायला हवं, कारण मला तेव्हा बास जाईल अशी भीती होती. बास गेला नाही, उलट वाढल्यासारखा वाटला. आधी तो एकच सूर प्रत्येक गोष्टीवर पसरत होता. बास गिटारचे दोन वेगळे स्वर एकसारखे ऐकू येत, ढोलाचा ठोका पडल्यावर शेपूट मागे रेंगाळत राही. तो सूर बाजूला झाल्यावर त्याच्या आजूबाजूचे स्वर दिसू लागले. भरलेपणा असतो तो या सगळ्या स्वरांच्या सारखेपणात. ईक्यूबाबत एकच पथ्य कडक पाळा: डोंगर कापा, खड्डे भरू नका. तुमच्या खुर्चीवर एखादा स्वर गायब असेल तर तिथे दोन लाटा एकमेकींना मारत असतात. तो स्वर कितीही वाढवला तरी तुम्हाला मिळत नाही, खालच्यांना मात्र सगळा मिळतो. खड्ड्यावर इलाज एकच, सबवूफर किंवा खुर्ची फूटभर सरकवणं.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. आवाज कमी केला की कानाच्या त्या मंदपणामुळे बास बाकीच्या आवाजापेक्षा आधी नाहीसा होतो. मग हात सबवूफरच्या पातळीकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पातळी मोठ्या आवाजाला तशीच राहते. हात लावण्याऐवजी रिसीव्हरमधली लाउडनेस किंवा डायनॅमिक ईक्यू नावाची सोय चालू ठेवा. ती आवाज कमी असेल तेव्हाच बास थोडा उचलते आणि आवाज वाढला की आपोआप सोडून देते. सिनेमासाठी त्याच्या जोडीला नाइट मोड. सिनेमात स्फोट, गडगडाट यांच्यासाठी एलएफई हा वेगळा मार्ग असतो आणि त्याला इतर मार्गांपेक्षा 10 डेसिबेल जास्त जोर मिळतो. नाइट मोड ही उडी आखडून घेतो. मी रात्री दहानंतर आणखी दोन गोष्टी करतो: सबवूफर 4 डेसिबेलने उतरवतो आणि 35च्या खालचं सगळं कापून टाकतो. त्या तळाच्या स्वरांमध्ये कानाला मिळतं फार थोडं, पण खिडक्यांच्या काचा आणि कपाटांची दारं त्यांनीच खुळखुळतात.

रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ कायद्यातही आहे. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलची मर्यादा आहे. पण ही मोजणी 'ए' मापाने होते, आणि ते माप कानाच्या मंदपणाचा हिशेब धरून खालचे स्वर वजा करतं. 58 हर्ट्झच्या आसपास ही वजाबाकी जवळजवळ 28 डेसिबेलची आहे. शेजारच्या खोलीत 65 डेसिबेलचा शुद्ध घुमारा असला तरी ते मीटर 37 दाखवेल. मीटरवर आकडा बसला म्हणजे शेजारी झोपू शकतात असं मुळीच नाही. कसोटी त्यांच्या घरातच घ्यावी लागते, रात्री, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात तो सूर दबून जातो.

सबवूफरखालच्या रबरी गाद्यांबद्दल सगळे विचारतात. पेटीची थरथर जमिनीत जात असेल, फरशीवर पाय ठेवला की तळव्याला जाणवत असेल, तर त्या घ्या. खाली तोंड करून वाजणाऱ्या सबवूफरला त्यांचा खरा उपयोग होतो. पण स्लॅबला हलवणारा बराचसा बास हवेतून जातो, आणि त्याला गादी थांबवत नाही. अंगाला जाणवणारी धमक हवीच असेल तर सोफ्याच्या चौकटीला बसवायचा शेकर मिळतो. तो हवा न हलवता सोफाच थरथरवतो. तेव्हा मात्र सोफ्याच्या चारही पायांखाली जाड रबर हवंच, नाहीतर ती थरथर सोफ्याच्या पायांतून थेट खालच्या छतात जाते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. हे सगळं मी गॅलरीचं दार उघडं ठेवून लावलं होतं. उन्हाळ्यात एसीसाठी ते बंद झालं आणि काकूंचा निरोप आला, "पेले पुन्हा बोलायला लागले." उघड्या दारातून खालचे स्वर थोडे बाहेर निसटतात. ते बंद झालं की खोली पक्की बांधली जाते आणि डोंगर चढतो. पुन्हा फोन लावून स्वर वाजवले तेव्हा तो 56वर सरकलेला निघाला. आता रिसीव्हरमध्ये दोन मांडण्या साठवल्या आहेत, एक दार उघडं असतानाची आणि एक बंद असतानाची.